फोटो म्हणतो १०.२, वही म्हणते १०.४

प्रश्न : आम्ही बारावी सायन्सला आहोत. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनला आमचा तिघींचा गट होता. ऑक्झॅलिक आम्ल ०.०५ मोलर दिलेलं, ते पिपेटने १० मिली घ्यायचं आणि ब्युरेटमधल्या परमँगनेटची मोलॅरिटी काढायची. पायलट रीडिंग १० ते ११ आलं. नंतरची वहीतली रीडिंग अशी :

पहिलं : ०.० ते १०.४, फरक १०.४
दुसरं : १०.४ ते २१.१, फरक १०.७ (ब्युरेट परत भरला नव्हता)
तिसरं : ०.० ते १०.५, फरक १०.५
चौथं : ०.० ते १०.४, फरक १०.४

जर्नल पूर्ण करायला सोपं जावं म्हणून मॅडमनी फोटो काढू दिले होते. मैत्रिणीने फोन शेजारच्या रिकाम्या स्टँडच्या क्लॅम्पमध्ये बसवला, ब्युरेटपासून हातभर लांब, शून्याच्या रेषेसमोर, आणि शेवटपर्यंत जागचा हलवला नाही. घरी फोटो मोठे करून पाहिले तर शून्य शून्यावरच आहे, पण १०.४ च्या जागी पहिल्या आणि चौथ्या फोटोत १०.२ दिसतं आणि २१.१ च्या जागी २०.७. तिसऱ्याचा फोटो धूसर आला. मैत्रीण म्हणते, डोळा चुकतो, फोटो चुकत नाही, शिवाय १०.२ दोनदा आलंय, म्हणजे सीबीआर तोच. मी म्हणते, चारही रीडिंगची सरासरी घ्यावी. तिसरी म्हणते, १०.४ दोनदा आलं, विषय संपला. कोण बरोबर?

ता. क. माझा मामा दिंडोरीकडे एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. तो म्हणतो, आम्ही टायट्रेशनला रंग बघतच नाही. मग ते काय बघतात?

– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : तिसरी मैत्रीण बरोबर आहे, पण तिने दिलेलं कारण अपुरं आहे. १०.२ सुद्धा दोनदाच आलंय, मग ‘दोनदा आलं’ एवढ्यावर निकाल कसा लागणार? तुमच्या प्रयोगातली खरी मौज फोटोंत आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

फोन हलवला नाही, हे मैत्रिणीने प्रामाणिकपणे केलं आणि घोळ नेमका तिथेच झाला. ५० मिलीच्या नेहमीच्या ब्युरेटमध्ये एक मिलीची उंची साधारण एक सेंटिमीटर असते, म्हणजे ०.१ मिलीचं एक घर जेमतेम एक मिलिमीटर. द्रावण शून्यावर असताना कॅमेरा बरोबर समोर होता. १०.४ मिली सोडल्यावर द्रावणाची पातळी जवळजवळ दहा सेंटिमीटर खाली गेली आणि कॅमेरा मात्र वरच राहिला. आता तो पातळीकडे तिरका, वरून खाली पाहत होता.

तिरकं पाहिल्याने बिघडतं ते यासाठी की आकडे काचेच्या बाहेरच्या बाजूला छापलेले असतात आणि द्रावण नळीच्या आत असतं. आकडा आणि द्रावणाची कड या दोहोंमध्ये अंतर आहे, आणि तिरकी नजर ते अंतर ओलांडताना उंची बदलते. वरून पाहिलं तर नजर आतल्या कडेला पोचण्याआधी पुढच्या काचेला थोडी वरच्या जागी छेदते. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणून वरची जागा म्हणजे लहान आकडा. कॅमेरा वर असेल तर रीडिंग कमी येतं, खाली असेल तर जास्त. मेजरिंग सिलिंडरवर आकडे खालून वर चढत जातात, तिथे हेच उलटं होतं. परीक्षेत तोंडी प्रश्न म्हणून हे हमखास विचारतात आणि मुलं हमखास गोंधळतात.

आता परमँगनेटचा खास त्रास. त्याचा रंग इतका गडद असतो की वक्रपृष्ठाचा तळ दिसतच नाही, म्हणून आपण वरची कड वाचतो. ही कड म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीला लागून फिरलेलं एक वर्तुळ आहे. डोळा नेमका समोर असेल तर त्या वर्तुळाची पुढची आणि मागची बाजू एकावर एक येऊन एकच सरळ रेषा दिसते. डोळा वर गेला की वर्तुळ लंबगोल होतं. पुढची बाजू खाली दिसते, मागची वर. ‘परमँगनेटला वरची कड वाचायची’ हे पाठ असलेल्या मुलीने फोटोत सगळ्यात वर दिसणारी कड घेतली, आणि ती नेमकी मागच्या भिंतीवरची होती. आकडे पुढे, कड मागे, मध्ये नळीची पूर्ण जाडी.

हिशेब करून पाहा. हातभर म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर धरू. पातळी १०.४ सेंटिमीटर खाली, म्हणजे नजरेचा उतार पन्नासाला दहा, पाचास एक. आकडे आणि मागची कड यांच्यात अंतर साधारण ११ मिलिमीटर. त्याचा पाचवा हिस्सा दोन मिलिमीटरांच्या किंचित वर. दोन मिलिमीटर म्हणजे ०.२ मिली. वही १०.४, फोटो १०.२. जमलं.

यावर कुणी म्हणेल, जमवून घेतलं. पण तुझ्याच पत्रात याची पारख आहे, आणि ती तू नकळत दिली आहेस. चूक जर तिरक्या नजरेची असेल तर पातळी दुप्पट खाली गेल्यावर चूकही दुप्पट व्हायला हवी. दुसऱ्या वेळी तुम्ही ब्युरेट भरला नाही, त्यामुळे पातळी २१.१ पर्यंत उतरली. तिथे वही आणि फोटो यांच्यातला फरक किती? ०.४. शून्यावर फरक शून्य, दहाच्या आसपास ०.२, एकविसाच्या आसपास ०.४. डोळ्याची चूक असती तर ती अशी शिस्तीत वाढली नसती, कधी इकडे कधी तिकडे गेली असती. म्हणजे तुमचा डोळा ठीक होता आणि फोन चुकत होता, तोही ठराविक प्रमाणात.

म्हणूनच १०.२ दोनदा आलं याला अर्थ नाही. क्लॅम्प न हलल्यामुळे दोन्ही वेळा तीच चूक तितकीच झाली. दोन रीडिंग जुळली याचा अर्थ एवढाच की दोन्ही वेळा एकाच रीतीने मोजलं. ती रीत बरोबर होती का, याबद्दल जुळणी काहीही सांगत नाही.

हा त्रास फोनच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात एर्डमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ब्युरेटमध्ये सोडायचा काचेचा एक छोटा फ्लोट वापरात आणला. त्याच्या अंगावर गोल रेघ कोरलेली असे. वाचणाऱ्याने डोळा वरखाली करायचा, रेघेची पुढची आणि मागची बाजू एकावर एक आली की थांबायचं आणि मगच आकडा घ्यायचा. म्हणजे नजर समोर आहे की नाही ते फ्लोटच सांगायचा. परमँगनेटची गडद कड हेच काम फुकटात करते. फोटो मोठा करून पाहा : कड सरळ रेषेसारखी असेल तर फोटो वाचण्यालायक, जाड जांभळी पट्टी किंवा लंबगोल दिसत असेल तर तो फोटो रीडिंगसाठी बाद. तुमच्या ब्युरेटवर पूर्ण मिलीच्या रेषा नळीभोवती वळलेल्या असतील तर त्याही पाहा. कॅमेऱ्यासमोरची रेष सरळ दिसते, बाकीच्या वाकलेल्या.

फोटो काढायचाच तर फोन पातळीबरोबर खाली आणावा लागेल, मागे पांढरा कागद धरावा लागेल आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचा व शेवटचा असे दोन फोटो लागतील. चौकटीत ब्युरेटची खालची तोटीही आली तर उत्तम. तोटीत हवेचा बुडबुडा अडकला असेल आणि तो मध्येच निसटला, तर त्याची जागा द्रावणाने भरते. ते द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच रीडिंगमध्ये मोजलं जातं. ब्युरेटच्या तोंडावर विसरलेलं फनेल उलटं करतं, त्यातून ओघळलेले थेंब पातळी वर आणतात आणि रीडिंग कमी येतं. हे दोन्ही वहीतल्या आकड्यांवरून कधीच कळत नाही, फोटोवरून कळतं. तेव्हा फोटोचा उपयोग पुरावा म्हणून आहे. आकडा मात्र त्या क्षणी, डोळा पातळीसमोर आणून, वहीत लिहायचा. बोर्डाच्या परीक्षेत तसाही मोबाइल बाहेरच ठेवायचा असतो.

आता तुझ्या सरासरीकडे. चारही घेतली तर सरासरी बरोबर १०.५ येते. पण १०.७ त्यात बसवायचं की नाही?

‘ते वेगळं दिसतं म्हणून काढून टाकू’ हे उत्तर मला मान्य नाही. नावडतं रीडिंग खोडायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. संख्याशास्त्राकडे जावं तर तेही इथे हात वर करतं. डीन आणि डिक्सन यांनी १९५१ मध्ये थोड्या मोजमापांसाठी एक साधी कसोटी सुचवली होती. संशयित आकडा आणि त्याचा सर्वांत जवळचा शेजारी यांतल्या फरकाला सगळ्या आकड्यांच्या पसाऱ्याने भागायचं. तुमच्या बाबतीत १०.७ वजा १०.५ म्हणजे ०.२, पसारा १०.७ वजा १०.४ म्हणजे ०.३, भागाकार ०.६७. चार रीडिंग असतील तर नव्वद टक्के खात्रीने आकडा वगळायला हा भागाकार ०.७६५ च्या वर जावा लागतो. तो जात नाही. नुसत्या आकड्यांकडे पाहून १०.७ काढून टाकता येत नाही.

तरीही ते काढायचंच, कारण आपल्याला नुसते आकडेच ठाऊक आहेत असं नाही. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. एंड पॉइंट एखाद्या थेंबाने पुढेमागे होणार, वाचनात अर्धं घर इकडेतिकडे होणार. सगळं धरूनही नीट केलेली दोन टायट्रेशन ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये जुळणाऱ्या रीडिंगची हीच मर्यादा शिकवतात. ती तुमच्या चार आकड्यांतून आलेली नाही, उपकरणाच्या माहितीतून आलेली आहे, आणि प्रयोग सुरू होण्याआधीच ठरलेली आहे. १०.४, १०.५, १०.४ तिच्यात बसतात. १०.७ बसत नाही, याचा अर्थ त्या फ्लास्कमध्ये काहीतरी वेगळं घडलं.

काय घडलं? फ्लास्कचे फोटो तू पत्रासोबत पाठवलेस हे बरं केलंस. इतर वेळी रंग फिका गुलाबी आहे, दुसऱ्या वेळी तपकिरी झाक आहे. ती झाक मँगनीज डायऑक्साइडची. अपेक्षित अभिक्रिया अशी :

2KMnO₄ + 5H₂C₂O₄ + 3H₂SO₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + 10CO₂ + 8H₂O

यात प्रत्येक परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेतं आणि रंगहीन मँगनस क्षार होतो. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं किंवा परमँगनेट भराभर सोडलं, तर त्यातलं काही अर्ध्या वाटेवर थांबतं, तीनच इलेक्ट्रॉन घेतं आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड होऊन बसतं. तेवढंच ऑक्झॅलिक आम्ल संपवायला मग परमँगनेट जास्त लागतं. तुमच्या १०.७ साठी हिशेब केला तर शंभरातले सात भाग परमँगनेट असं अर्धवट थांबलं तरी ०.३ मिलीची वाढ पुरी पडते. बहुधा दुसऱ्या वेळी आम्ल घालताना हात आखडला, किंवा पहिलं चांगलं आलं म्हणून कॉक जोरात उघडला गेला. या दोहोंपैकी काय झालं ते तुम्हा तिघींनाच ठाऊक. जर्नलमध्ये १०.७ खोडू नकोस. समोर ‘तपकिरी झाक, सरासरीत घेतलं नाही’ असं लिही. परीक्षकाला खोडलेल्या आकड्यापेक्षा कारण लिहिलेला आकडा आवडतो, निदान चांगल्या परीक्षकाला.

ब्युरेट परत न भरता १०.४ पासून सुरुवात केली म्हणून दुसरं रीडिंग चुकलं, असा समज करून घेऊ नकोस. फरकच घ्यायचा आहे, सुरुवात कुठूनही चालते. माझ्या मते ती रीत अधिक सचोटीची आहे. सगळी रीडिंग शून्यापासून सुरू केली की पहिल्यांदा १०.४ आल्यावर पुढच्या वेळी हात १०.४ जवळ आपोआप थबकतो आणि डोळ्याला तिथेच गुलाबी छटा दिसू लागते. सीबीआर, म्हणजे दोनदा तंतोतंत तेच रीडिंग, याचा आग्रह धरल्याचा हा तोटा आहे. सुरुवात एकदा ०.० वर, एकदा ०.६ वर, एकदा १.३ वर केली तर शेवट कुठे यायला हवा हे पटकन कळत नाही, आणि फरक काढल्यावर जे जुळतं ते खरोखर जुळलेलं असतं.

आता सीबीआर की सरासरी? सीबीआर धरला तर १०.४. जुळणाऱ्या तिन्हींची सरासरी धरली तर १०.४३. तुमच्या जर्नलच्या तक्त्यात खाली सीबीआरचीच जागा छापलेली असते, तिथे १०.४ लिही. मला विचारशील तर मी सरासरी घेईन, कारण १०.५ हेही तितकंच चांगलं टायट्रेशन होतं आणि दुसऱ्या दोघांशी ०.१ ने जमलं नाही एवढ्यावरून त्याचं मत फुकट घालवायचं कारण नाही. पुढचा हिशेब पाहिलास की हा वाद किती लांबवण्यासारखा आहे ते कळेल.

१० मिली, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल म्हणजे ०.५ मिलिमोल. प्रत्येकाचे दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण १ मिलिमोल इलेक्ट्रॉन. परमँगनेट प्रत्येकी पाच घेतं, म्हणून ते लागलं ०.२ मिलिमोल. हे ०.२ मिलिमोल ब्युरेटमधून किती मिलिलिटरांत आलं, त्याने भागलं की मोलॅरिटी :

मोलॅरिटी = ०.२ ÷ रीडिंग

१०.४ ने भागलं तर ०.०१९२३. १०.४३ ने भागलं तर ०.०१९१७. ब्युरेट ०.१ मिलीपर्यंतच वाचता येतो आणि दहात ०.१ म्हणजे एक टक्का, त्यामुळे उत्तर तीन सार्थ अंकांच्या पुढे नेण्यात अर्थ नाही. दोन्ही रीतींनी ०.०१९२ मोलर. पोटॅशियम परमँगनेटचं मोलर वस्तुमान १५८ धरून लिटरला साधारण ३.०३ ग्रॅम. कॅल्क्युलेटरवर आलेले आठ अंक उतरवून काढू नकोस. शेवटचे पाच तुम्ही मोजलेलेच नाहीत.

चारही रीडिंगची सरासरी धरली असती तर ०.०१९०, मैत्रिणीच्या फोटोवरून ०.०१९६. तपकिरी फ्लास्कने उत्तर एक टक्क्याने खाली ओढलं असतं, तिरक्या फोनने दोन टक्क्यांनी वर. या दोन चुका सरासरीत घालून एकमेकींना मिटवता येतील असं कुणाला वाटलं तर त्याला सांग, त्या मिटल्या तर तो निव्वळ योगायोग. सरासरीने फक्त इकडेतिकडे विखुरलेल्या चुका कमी होतात, थेंबाच्या आणि डोळ्याच्या. सगळ्या रीडिंगना एकाच दिशेने ढकलणारी चूक सरासरीतून तशीच्या तशी पार होते.

अशी आणखी एक चूक नाशिकमध्ये राहतेस म्हणून सांगतो. प्रॅक्टिकलचा सराव डिसेंबर-जानेवारीत चालतो. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ते हे दिवस, आणि सकाळच्या बॅचला प्रयोगशाळाही गारच असते. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून घ्यायचं असतं, कारण थंडीत ही अभिक्रिया रेंगाळते. सुरुवातीचे थेंब तर गरम असतानाही सावकाश विरतात. मँगनस आयन थोडे तयार झाले की तेच पुढची अभिक्रिया वेगाने चालवतात. फ्लास्क गार झाला की शेवटाजवळ गुलाबी रंग थोडा वेळ टिकतो आणि एंड पॉइंट आला असं वाटतं. प्रत्यक्षात ऑक्झॅलिक आम्ल शिल्लक असतं, फक्त सावकाश वापरलं जात असतं. रीडिंग कमी येतं, आणि तिघींनी फ्लास्क तितकाच गार होऊ दिला तर तिन्ही वेळा सारखंच कमी येतं, छान जुळून. पारख सोपी आहे : रंग तीस सेकंद टिकला का ते घड्याळात पाहायचं, आणि शंका आली तर फ्लास्क पुन्हा किंचित तापवायचा. गुलाबी रंग गेला तर तो एंड पॉइंट नव्हताच. फार तापवलं तरी चालत नाही. उकळीच्या जवळ नेलं तर ऑक्झॅलिक आम्लच विघटन पावू लागतं.

तुमच्या तिन्ही रीडिंगमध्ये ही चूक आहे की नाही, हे मी आकड्यांवरून सांगू शकत नाही. फ्लास्कचा फोटोही इथे मदत करत नाही, कारण फोन पांढरा तोल आपल्या मनाने बदलतो आणि फिका गुलाबी रंग एका फोटोत दिसतो, दुसऱ्यात नाहीसा होतो. तपकिरी झाक मला फोटोवरून ओळखता आली ती चारही फोटो त्याच पांढऱ्या टाइलवर, त्याच खिडकीशी काढलेले होते म्हणून.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर. दिंडोरी भागात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण तुमच्या बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या सुमारासच चालते, त्यामुळे तो आणि तू एकाच हंगामात ब्युरेटसमोर असता. द्राक्षरसातली एकूण आम्लता ते सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करून काढतात आणि टार्टारिक आम्लाच्या ग्रॅममध्ये सांगतात. पांढऱ्या द्राक्षाच्या रसाला फिनॉल्फ्थॅलीन चालून जातं. लाल वाइनमध्ये मात्र मुळातच रंग असतो, आणि आम्ल कमी होत जाईल तसा तो रंग स्वतःच बदलतो, मग फिनॉल्फ्थॅलीनची छटा कुठे शोधणार? म्हणून रंग सोडून पीएच मीटरकडे पाहतात आणि ८.२ आल्यावर थांबतात. आंबवताना विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आधी हलवून किंवा तापवून काढून टाकावा लागतो, नाहीतर तोही आम्ल म्हणून मोजला जातो.

हिशेब तुझ्यासारखाच. समज १० मिली रसाला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ९.२ मिली लागलं. ९.२ ला ०.१ ने आणि टार्टारिक आम्लाच्या तुल्यांकभाराने, म्हणजे ७५ ने गुणायचं, १० ने भागायचं : लिटरला ६.९ ग्रॅम. हाताने चालवायचा ब्युरेट असेल तर पीएच मीटर कितीही चांगला असला तरी आकडा अखेर ब्युरेटवरच वाचायचा असतो. सोडियम हायड्रॉक्साइड रंगहीन, तेव्हा तिथे वक्रपृष्ठाचा तळ वाचतात. तो नळीच्या मधोमध असतो, आकड्यांपासूनचं अंतर तुमच्या मागच्या कडेच्या निम्मं, म्हणून तुमच्यासारखा फोन टांगला तर चूकही निम्मी, ०.१ मिलीच्या आसपास. आम्लतेत ती लिटरला सुमारे ०.०८ ग्रॅम भरते. मामाला विचार, तो ब्युरेट वाचताना वाकतो का.